न्हाणीघराची बेचाळीस कलमं

सूर्यनारायण राव वजनमापं खात्यातून निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत ते भाजी घ्यायला निघाले की भाजीवाली आपला तराजू आधी पुसून ठेवते. दूधवाला माप काठोकाठ भरून वर अर्धी पळी जास्त ओततो आणि म्हणतो, "सार, बघून घ्या." राव बघून घेतातच! माणूस वाईट नव्हे हो, पण संशय हा त्यांच्या अंगाला असा चिकटलेला की आंघोळ केली तरी निघायचा नाही. आणि ही सगळी गोष्ट आंघोळीचीच आहे.

त्यांची थोरली बहीण हिराबाई, वय अठ्ठ्याहत्तर. गल्लीभर सगळे तिला अक्का म्हणतात. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, आणि रावांची बायको गेल्यावर घरात हे दोघेच उरले. सात महिन्यांपूर्वी अक्का जुन्या न्हाणीघरात शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. हे सगळं तिनं सोसलं. पण रोज सकाळी राजम नावाची बाई येऊन तिला आंघोळ घालू लागली, ते मात्र तिला सोसवेना. राजम भली बाई, हात हलका. तरी अक्का त्या वेळी डोळे मिटून बसायची आणि बाहेर आल्यावर तासभर कुणाशी बोलायची नाही. जन्मभर पहाटे उठून, दार लावून, आपल्या हातानं डोक्यावर पाणी घेतलेली बाई ती! एकदा ती भावाला म्हणाली, "सूर्या, मज दुसरें कांहीं नको. माझी आंघोळ मला परत दे."

रावांनी हे ऐकून घेतलं. डोळे पुसले, चष्मा लावला, आणि ते आलेखाचा कागद घेऊन बसले. दोन दिवसांत नव्या न्हाणीघराचा नकाशा तयार. आधाराला धरायची दांडी जमिनीपासून चौतीस इंच. नळ समोरच्या भिंतीत. साबणाचा कोनाडा बेचाळीस इंचांवर. सगळी मापं त्यांनी स्वतः भिंतीशी उभं राहून घेतली. ही एक ओळ लक्षात असू द्या.

ठेकेदार मिळाला तिरुवैयारुचा. नाव शिवकुमार, वय चाळिशीचं, बारीक, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी तो बैठकीच्या खोलीत टेप घेऊन आला. राव त्याच्याशी तमिळमध्ये बोलत होते आणि मधेमधे अक्काशी मराठीत. तंजावूरला पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी लोकांची ही जुनी खोड. कापडाच्या दुकानात, रिक्षात, डॉक्टरपुढे, मुलगी बघायला गेलं तरी. चारचौघांत उघड बोलायचं आणि कुणाला कळायचं नाही, एवढं सुख इतर कशात आहे? तिजोरीच ती, वरून कुलूप लावायला नको.

"दोन लाख साठ हजार म्हणतो," राव म्हणाले. "डोळे बघ त्याचे, अक्का. चोराचे आहेत. मी दोन चाळीसपर्यंत जाईन, त्यावर दमडी नाही."

"हळू बोल रे," अक्का म्हणाली.

"त्याला काय कळतें? तिरुवैयारुचा तो." आणि मग तमिळमध्ये, मोठ्या आवाजात, "शिवकुमार, दोन लाख!"

अर्धा तास घासाघीस चालली. शेवटी ठेकेदार दोन चाळीसवर आला आणि तिथेच खुंटा रोवून बसला. अगदी नेमका! राव खूश. वीस हजार वाचवले. पैसे कामाच्या टप्प्यांनी द्यायचे आणि शेवटचे चोवीस हजार संपूर्ण तपासणी झाल्यावर, असं कागदावर ठरलं.

तेवढ्यात अक्का नकाशाकडे बघून म्हणाली, "सूर्या, मी कधी उभी राहून आंघोळ करतें काय? मी बुटक्या मुक्कालीवर बसतें. बादली उजवीकडे लागते. ही दांडी बसल्यावर हाताला येईल काय?"

"अक्का, तूं गप्प बस," राव म्हणाले. "चौतीस इंच हें माप आहे. मी पुस्तकात बघितलें आहे."

तिनं नकाशा दूर सारला. शिवकुमार भिंतीची लांबी मोजत होता. त्यानं टेप मिटली आणि नमस्कार करून गेला.

काम सुरू झालं. राव रोज खुर्ची टाकून समोर बसायचे. गवंडी रमण टाइलवर सिमेंट लावायचा आणि हे मराठीत धावतं समालोचन करायचे. हा कामचोर, तो लबाड, त्या ठेकेदाराची मान बघ कशी तिरकी, नक्की काहीतरी लपवतो. पण टेप लावून मोजायचे मात्र नाहीत. खात्याचा नियम, म्हणायचे, तयार माल मोजायचा, अर्धवट मालाला शिक्का नसतो. नळाचे पाइप भिंतीत बसत होते त्या तीन दिवसांत तर ते चेन्नईला मुलीकडे होते, नातीच्या वाढदिवसाला. पाइपात दाब भरून ठेवल्याचा, दाबमापकाचा काटा रात्रभर हलला नाही याचा फोटो त्यांनी मोबाइलवर मागवून घेतला होता. दाब बरोबर होता. पाइप कुठल्या भिंतीत आहेत हे फोटोत विचारायचं राहिलं!

मग तपासणीची वेळ आली. रावांनी बेचाळीस कलमांची यादी केली. प्रत्येक कलमासमोर दोन चौकोन, पास आणि नापास. शिवकुमारला त्याची एक प्रत दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, लग्नपत्रिका घ्यावी तशी.

तपासणी तीन दिवस चालली, आणि खरं सांगायचं तर माणसानं ती केली मात्र नामी! पहिल्या दिवशी मोरीचं तोंड प्लास्टिकची पिशवी आणि फडकं कोंबून बंद केलं, दारात सिमेंटची चार बोटं उंच वळी घातली आणि दोन इंच पाणी भरून ठेवलं. पाण्याची रेघ पेन्सिलनं टाइलवर मारली. पूर्ण चोवीस तास. दर तीन तासांनी राव जाऊन बघत, पलीकडच्या देवघराच्या भिंतीला तळहात लावून ओल चाचपत. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवरच होतं, केसभर इकडेतिकडे. भिंत कोरडी ठणठणीत. कलम एक, पास. लिहिताना रावांचा चेहरा पडला.

मग वळी फोडली, मोरी उघडली आणि उतार बघितला. दारापासून मोरीपर्यंत सहा फूट, तेवढ्यात पाऊण इंच उतार हवा. पातळीची नळी लावली, पाऊण इंच भरला. शिवाय बादलीभर पाणी ओतून पंधरा मिनिटांनी कुठे डबकं राहतं का ते कंबरेत वाकून पाहिलं. कमोडच्या मागे पाणी दिसलं. "सांपडला!" राव ओरडले. बघतात तर त्यांच्याच ओल्या पायाचा ठसा.

टाइलांवर रुपयाचं नाणं वाजवत फिरले. भरीव टाइल टक्क वाजते, खालून पोकळ असेल तर ढब्ब. एकशे अठरा टाइलांत दोन ढब्ब निघाल्या. रावांना गुप्तधन सापडल्यासारखं झालं. शिवकुमारनं वाद घातला नाही. रमणनं त्याच दिवशी त्या दोन्ही फोडून नव्या बसवल्या, आणि त्या सुकेपर्यंत एक दिवस थांबून राव पुन्हा वाजवायला हजर. टक्क, टक्क.

नळाच्या प्रत्येक सांध्याला कोरडा कागदी रुमाल गुंडाळून पाहिला, ओला होतो का. नाही झाला. गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे. बरोबर. मोरीच्या जाळीखाली बॅटरी मारून पाहिलं, पाणी साठून राहिलं होतं, म्हणजे गटाराचा वास वर येणार नाही. तरी वाकून हुंगलं. वाफ ओढणाऱ्या पंख्याला कागद लावला, तो जाळीला चिकटून राहिला. विजेच्या पेटीवरचं चाचणीचं बटण दाबलं, क्षणात सगळी वीज गेली. शेजारच्या खोलीत टीव्हीवरची अक्काची मालिका बंद पडली, तिनं काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडतं ना? आतली कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येते ना? येते. कुणी आत पडलं तर दार फोडायला नको.

आणि मग दांडी. एका वाण्यानं दुकान बंद करताना विकायला काढलेली वीस-वीस किलोची पाच लोखंडी वजनं रावांनी आठवण म्हणून घेऊन ठेवली होती. ती कपाटातून काढून, दोरीनं एकेक करून दांडीला टांगली. शंभर किलो. शिवकुमार आणि रमण शांतपणे बघत होते. दांडी तसूभर हलली नाही. मग रावांनी ती उतरवली आणि स्वतः लोंबकळून पाहिलं, दोन्ही पाय वर घेऊन. एकाहत्तर किलो. राजम दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

आता राहिली मापं. ती यादीत शेवटी होती, आणि कलमाची पाळी येईपर्यंत डोळ्याला खटकलेलंही बोलायचं नाही, हाही खात्याचाच नियम. टेप लावली, आणि राव उभ्या जागी गरम झाले.

चौतीस इंचांवरची आडवी दांडी तिरकी बसवली होती! एक टोक चौतिसावर, दुसरं खाली उतरत थेट अठरा इंचांवर. नळ समोरच्या भिंतीत नव्हता, उजव्या भिंतीत होता. आणि साबणाचा कोनाडा? बावीस इंचांवर. जमिनीपासून बावीस इंच!

"हें काय?" राव तमिळमध्ये गरजले. "उंदरांसाठी कोनाडा केलास? नकाशा समजत नाही?"

"समजतो सार," शिवकुमार म्हणाला.

"मग?"

"एकदा अक्कांना बसून बघू द्या सार. मग बोला."

"कलमांत अक्का नाही! कलमांत इंच आहेत." राव यादीवर तीन ठिकाणी 'नापास' खुणा करून मोकळे झाले. एकोणचाळीस पास, तीन नापास. "पाडून नकाशाप्रमाणे कर. तोवर चोवीस हजार मिळणार नाहीत."

पाडायचं म्हणजे टाइल फोडायच्या, पाइप हलवायचे, पुन्हा पाणी भरून ठेवायचं, पुन्हा बेचाळीस कलमं. आणखी तीन आठवडे. आत अक्का ऐकत होती. वॉकर टेकत टेकत ती दारापर्यंत आली. तीन आठवडे राजम आणखी, हे तिच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं.

"सूर्या, राहूं दे रे," ती म्हणाली.

"राहूं दे कसें? तुझ्यासाठींच करतों सगळें!" रावांनी यादी तिच्यापुढे नाचवली. "परत पडलीस म्हणजे? हा लबाड आहे अक्का. कोठें तरी भोकें चुकलीं, मग दांडी वांकडी बसवली आणि अत्तां गरीब तोंड करून उभा. बघ, बघ कसा उभा आहे."

शिवकुमारनं खाली बघितलं. मग वर बघितलं. आणि अडखळत, तमिळ हेल काढत, पण स्वच्छ मराठीत तो म्हणाला, "लबाड नव्हे, सार. चोर म्हटलांत, कामचोर म्हटलांत, मान वांकडी म्हटलांत. तें सगळें सरि, चालेल. लबाड नको म्हणूं."

घरात इतकी शांतता पसरली की नव्या नळाचा थेंब पडला असता तर ऐकू आला असता. पण तो पडला नाही, सांधा पास होता.

"तूं... आपला?" रावांच्या तोंडातून कसंबसं निघालं.

"बाबा शिंपी होते सार, खालच्या वाड्याच्या गल्लीत. नंतर तिरुवैयारुला गेलों. अम्मा घरांत हेंच बोलते. मज बोलायला येत नाही, कळतें सगळें."

"सगळें?"

"पहिल्या दिवसापासून."

रावांना आधी आठवलं ते डोळ्यांविषयीचं. मग आणखी एक आठवलं. "तें दोन चाळीस..."

"मी दोन तीसला येणार होतों," शिवकुमार म्हणाला. "पण तुम्हीच अक्कांना सांगितलें, दोन चाळीसपर्यंत जाईन. मग मी कशाला उतरूं?"

अक्काला हसू फुटलं. खुब्याला हात लावून, वॉकर धरून ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तिजोरी उघडी ठेवून बसलास रे सूर्या! उघडी!"

"मग पहिल्याच दिवशीं सांगितलें कां नाहीं?" राव चिडून म्हणाले. चिडले नसते तर मेलेच असते.

"चोराचे डोळे म्हटल्यावर काय सांगूं सार? तुम्हांला लाज वाटली असती. मज काम मिळालें नसतें."  पुढचं मराठीत जमेना, म्हणून शिवकुमारनं तमिळ धरलं. अक्का त्या दिवशी म्हणाल्या होत्या, मी बसून आंघोळ करते, बादली उजवीकडे लागते, बसल्यावर दांडी हाताला येईल का. त्या बोलल्या आणि तुम्ही त्यांना गप्प बसवलं. माझी अम्माही मुक्कालीवर बसूनच आंघोळ करते. तिला बसवून मी तिचा हात कुठे पोचतो ते मोजलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही पुस्तक दाखवलं असतं. म्हणून तुम्ही चेन्नईला गेलात तेव्हा पाइप फिरवले. चूक केली असेल तर पाडतो, माझ्या खर्चानं.

 राजम आत गेली, मुक्काली आणून नव्या जमिनीवर ठेवली, उजवीकडे नळाखाली बादली ठेवली. अक्का वॉकर दाराशी सोडून दांडीच्या वरच्या टोकाला धरून आत आली. हात खाली सरकवत सरकवत ती मुक्कालीवर बसली. नळ हाताशी. साबण हाताशी. दांडीचं खालचं टोक गुडघ्याशेजारी.

तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग म्हणाली, "राजम, कोरडें लुगडें दाराच्या खुंटीला लाव. आणि सगळे बाहेर व्हा."

"अक्का, आज नुसतें बसून बघ," राव म्हणाले. "उद्यां राजम असतांना..."

"सूर्या. बाहेर."

दार लागलं. आतून कडी फिरली. राव हातात रुपयाचं नाणं घेऊन दाराला नाक लावून उभे. शिवकुमार त्यांच्या बाजूला. आत नळ सुटला, बादली भरू लागली. एक मिनिट, दोन, चार. पाणी अंगावर पडल्याचा आवाज आला, मग दुसरा, तिसरा. राव तेही मोजत होते.

आत ठण्ण करून काहीतरी पडलं.

राव नाणं घेऊन कडीवर झेपावले. शिवकुमारनं त्यांचं मनगट धरलं.

"मेली नाहीं!" आतून आवाज आला. "तांब्या पडला! दारांत उभे राहूं नका, दोघेही जा!"

दोघेही गेले. तीन पावलं. तिथे उभे राहिले.

पंचवीस मिनिटांनी कडी उघडली. अक्का दारात उभी होती, स्वतः नेसलेली, निऱ्या जराशा वाकड्या, केसांतून पाणी निथळत होतं. राजम पंचा घेऊन पुढे धावली, तर अक्कानं तो तिच्या हातातून घेतला आणि आपलं डोकं आपणच पुसलं.

"सात महिने झाले," ती म्हणाली. "माझ्या अंगाला माझाच हात लागला नव्हता."

 रावांनी आत जाऊन चेकबुक आणलं आणि शेवटच्या हप्त्याचा चेक लिहिला. तीन नापास खोडायचं ध्यानातही आलं नाही. चेक देताना ते मराठीत म्हणाले, "चुकलें माझें." जन्मात पहिल्यांदा, एका ठेकेदाराला. शिवकुमारनं चेक खिशात घातला आणि हात जोडले. अक्कानं त्याला कॉफी प्यायला बसवला आणि त्याच्या अम्माची चौकशी मराठीतून सुरू केली. तो मोडकंतोडकं उत्तर द्यायचा आणि चुकलं की ती दुरुस्त करायची.

तेवढ्यात राव हळूच न्हाणीघरात शिरले आणि दार लोटलं. मुक्काली अजून ओली होती. ते कपड्यांनिशी तिच्यावर बसले, बसून बघू म्हणून. नळ हाताशी आला. साबण हाताशी आला. बरं, झालं, म्हणून उठायला गेले, तर गुडघे म्हणाले नाही. पुन्हा जोर केला. पुन्हा नाही. आठ वर्षांत ते इतक्या खाली कधी बसलेच नव्हते, सगळी मापं उभ्यानं घेत आले होते. बाहेर कॉफीचे पेले वाजत होते, अक्का हसत होती. रावांनी हात पुढे केला. अठरा इंचांवर दांडी होती. ती घट्ट धरून ते उठले.